‘बहुतेक’ खोडण्याआधी

सभेत बोलायचे ठरले की आदल्या रात्री घरात कागद-पेन निघते. मुले झोपल्यावर, भांडी आवरल्यावर, मनातले सगळे कागदावर उतरते. मुद्दा खरा असतो, तळमळही खरी असते. पण दुसऱ्या दिवशी तो कागद वाचून दाखवला की ऐकणाऱ्यांच्या मनात एकच गोष्ट राहते: यांनाच नक्की माहीत नाही. ही शंका मुद्द्यामुळे येत नाही. ती येते ‘म्हणजे’, ‘बहुतेक’, ‘मला वाटतं’, ‘थोडंसं’, ‘जमलं तर’ अशा वीस-पंचवीस शब्दांमुळे.

हे शब्द खोडावेत, हे कोणीही सांगेल. आम्हाला त्यापुढचे सांगायचे आहे. ‘बहुतेक’ हा शब्द पेन्सिलीच्या एका रेघेने जातो, पण त्याच्यामागे शंका असेल तर ती रेघेने जात नाही. म्हणून प्रत्येक कचखाऊ शब्द खोडण्याआधी तो तिथे का आला, हे विचारावे लागते. ते कसे विचारायचे, हे या लेखात एका भाषणाचा मसुदा घेऊन ओळीओळीने पाहू.

समजा, गावात जिल्हा परिषदेची उर्दू शाळा आहे. पहिली ते चौथी, ४८ मुले आणि शिक्षक एकच. शाळा व्यवस्थापन समितीवर असलेली एक आई २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दुसऱ्या शिक्षकाची मागणी करणार आहे. सभेत वीज, रस्ता, पाणी असे विषय आधी आहेत. तिला दोन-तीन मिनिटे मिळतील. तेवढ्यात सभेने तिचे ऐकले नाही, तर पुढची ग्रामसभा थेट जानेवारीत, तोवर अर्धे वर्ष संपलेले. तिने लिहिलेला कागद असा आहे:

“अस्सलामु अलैकुम आणि सगळ्यांना नमस्कार. मी काही फार शिकलेली नाही, त्यामुळे बोलण्यात चूक झाली तर माफ करा. म्हणजे मला असं सांगायचं होतं की आपल्या उर्दू शाळेत बहुतेक एकच शिक्षक आहेत आणि मला वाटतं त्यामुळे मुलांचं थोडंसं नुकसान होत असावं. तसं पाहिलं तर गुरुजी चांगलेच आहेत. पण ते मीटिंगला वगैरे गेले की शाळा एक प्रकारे बंदच असते, असं म्हणायला हरकत नाही. त्यामुळे मुलं कदाचित वाचनात मागे पडत असतील. कायद्यातही बहुधा दोन शिक्षक हवेत असं काहीतरी आहे. तर शक्य झाल्यास याबाबत लवकरात लवकर काहीतरी करण्यात यावं, असं वाटतं. बघा, जमलं तर.”

यातले काहीही खोटे नाही. तरी सभेतला कोणीही ‘बरं, बघू’ म्हणून पुढच्या विषयाकडे वळू शकतो, कारण तशी वाट या मसुद्यानेच करून दिली आहे.

आधी भरतीचे शब्द

पेन्सिल घेऊन पहिल्या वाचनात फक्त भरतीचे शब्द शोधावेत. ओळखण्याची खूण सोपी आहे: शब्द झाकून वाक्य वाचावे. अर्थात काडीचाही फरक पडला नाही, तर तो शब्द भरतीचा. ‘म्हणजे’, ‘मला असं सांगायचं होतं की’, ‘तसं पाहिलं तर’, ‘वगैरे’, ‘एक प्रकारे’, ‘असं म्हणायला हरकत नाही’ हे सगळे झाकून पाहा. वाक्य तेच राहते, उलट उजळते. हे शब्द निर्धास्त खोडावेत.

बोलताना हे शब्द का येतात, हेही समजून घ्यावे. पुढचे वाक्य मनात तयार होत असते, आणि तोवर ‘थांबा, माझं संपलेलं नाही’ हे ऐकणाऱ्याला कळवण्यासाठी तोंड ‘म्हणजे’, ‘ते काय आहे’, ‘आपलं ते’ असे काहीतरी काढत राहते. ओट्यावर बसून गप्पा मारताना त्याचा उपयोग आहे. पण लिहिताना आपल्याला कोणी मध्येच तोडणार नसते आणि विचार करायला हवा तेवढा वेळ असतो. त्यामुळे कागदावर या शब्दांना काहीच काम उरत नाही.

मग कचखाऊ शब्द, एकेक करून

दुसऱ्या वाचनात कच खाणारे शब्द शोधायचे: बहुतेक, बहुधा, कदाचित, मला वाटतं, थोडंसं, काहीतरी, शक्य झाल्यास. मराठीत आणखी एक अडचण आहे. आपली शंका पुष्कळदा वेगळ्या शब्दात नसतेच, ती क्रियापदात लपलेली असते. ‘नुकसान होत असावं’, ‘मागे पडत असतील’ यांत ‘कदाचित’ खोडले तरी शंका ‘असतील’मध्ये तशीच राहते. म्हणून या वाचनात प्रत्येक वाक्याचे शेवटचे क्रियापद पाहावे. तिथे ‘असावं’ किंवा अंदाजाचे ‘असेल’ दिसले की त्याखाली रेघ ओढावी.

आता मुख्य काम. रेघ ओढलेल्या प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारायचा: हे मला माहीत आहे का? उत्तर तीनपैकी एक असते. माहीत आहे, विचारून कळेल, किंवा कळण्यासारखे नाही.

‘बहुतेक एकच शिक्षक आहेत.’ ही आई रोज मुलांना शाळेत सोडते. एकच शिक्षक आहेत हे तिला पुरते माहीत आहे. इथे ‘बहुतेक’ केवळ भिडेपोटी आला आहे. तो खोडायचा आणि त्याच्या जागी काही घालायचे नाही.

‘ते मीटिंगला वगैरे गेले की शाळा बंदच असते.’ किती दिवस? हे तिला नेमके माहीत नाही, पण विचारून कळेल. तिने गुरुजींना विचारले, हजेरीपटावरून पाहिले. समजा, ऑगस्ट आणि सप्टेंबर मिळून ७ दिवस निघाले. त्या दिवशी मुलांना परत पाठवले होते. ‘एक प्रकारे बंदच’ या शब्दांच्या जागी आता ‘७ दिवस’ आले. आकडा आल्यावर आवाज चढवावा लागत नाही.

‘कायद्यातही बहुधा असं काहीतरी आहे.’ हेही विचारून कळणारे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत हे लिहिलेले आहे: पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुले असतील, तर दोन शिक्षक. शाळेत ४८ मुले आहेत, म्हणजे दोन शिक्षक हवेत. ‘बहुधा’ही गेला आणि ‘काहीतरी’ही.

‘मुलं कदाचित वाचनात मागे पडत असतील.’ इथे मात्र सावध व्हायला हवे. ठामपणे बोलायचे म्हणून नुसता ‘कदाचित’ खोडला, तर वाक्य असे होते: ‘एकच शिक्षक असल्यामुळे मुलं वाचनात मागे पडली आहेत.’ ऐकायला जोरकस वाटते. पण सभेतून कोणी विचारले, ‘कशावरून? शेजारच्या गावात दोन शिक्षक आहेत, तिथली मुलं वाचतात का?’ तर तिच्याकडे उत्तर नाही. एका वाक्यावर पकडले की आधीची खरी वाक्येही डळमळतात.

या एका वाक्यात खरे तर दोन गोष्टी मिसळल्या आहेत. मुले मागे आहेत का, हे पाहता येते. ती एकट्या शिक्षकामुळेच मागे आहेत का, हे तिला सिद्ध करता येणार नाही. म्हणून वाक्य फोडायचे. गुरुजींनी तिसरीच्या मुलांकडून वाचून घेतले, तेव्हा ११ पैकी ४ मुलांना दुसरीच्या पुस्तकातला धडा वाचता आला नाही, असे धरू. ही बाब ठामपणे सांगायची. कारणाबद्दल मात्र जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगायचे: ‘हे एकच कारण आहे, असं मी म्हणत नाही. पण चार वर्ग सांभाळणाऱ्या एका माणसाला या चौघांसाठी वेगळा वेळ काढता येत नाही.’ शंका इथेही आहे, पण तिला हद्द आहे. ‘कदाचित’ने सगळे वाक्य धुकट होते. हद्द आखून दिली की तीच शंका प्रामाणिकपणा म्हणून ऐकू येते.

आपल्या घरांना हे नवीन नाही. २९ व्या दिवशी संध्याकाळी ‘चाँद दिसला तर उद्या ईद’ असे सांगणाऱ्याला कोणी डळमळीत म्हणत नाही. तिथला ‘तर’ खरा आहे, आणि तो कशावर अवलंबून आहे हे सर्वांना ठाऊक आहे. तसेच औषधाच्या गुणाबद्दल डॉक्टरांचा ‘बहुधा’ किंवा साक्षीदाराचा ‘अंधार होता, चेहरा दिसला नाही’ हे शब्द खोडायचे नसतात.

‘इन्शाअल्लाह’चे काय?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो. पुढच्या कामाविषयी बोलताना ‘इन्शाअल्लाह’ म्हणणे हा आपला अदब आहे, तो कचखाऊ शब्दांत मोडत नाही. पण त्याच्या शेजारचे शब्द पाहावेत. ‘इन्शाअल्लाह, सोमवारी अर्ज घेऊन मी कचेरीत जाईन’ यात काम, दिवस आणि माणूस ठरलेला आहे. ‘इन्शाअल्लाह, बघू या’ यात काहीच ठरलेले नाही. इथे काटछाट ‘बघू या’ची करावी आणि त्या जागी दिवस लिहावा.

मागणी कोणाकडे?

मसुद्यातले सर्वांत कमजोर वाक्य शेवटाकडचे आहे: ‘शक्य झाल्यास याबाबत काहीतरी करण्यात यावं.’ ‘करण्यात यावं’ या रचनेत करणारा नाहीसा होतो. कोणी करावे, काय करावे, केव्हापर्यंत करावे, यातले काहीच कळत नाही. अशी मागणी कोणी नाकारत नाही आणि कोणी पूर्णही करत नाही.

ही दुरुस्ती केवळ भाषेची नाही, त्यासाठी कामाची वाट माहीत हवी. शिक्षकाची नेमणूक ग्रामसभेच्या हातात नाही, ती जिल्हा परिषद करते. ग्रामसभा ठराव करू शकते, आणि तो पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवता येतो. तेव्हा ग्रामसभेकडे तिने ठरावच मागितला पाहिजे. जे त्या सभेच्या हातात आहे ते मागितले, की ‘हे आमच्याकडे नाही’ हे उत्तर बंद होते.

इथे मराठीतला एक बारकावा सांभाळावा. ‘ठराव करा’ हा हुकूम वाटतो. ‘ठराव झाला तर बरं होईल’ ही इच्छा झाली. ‘सभेने ठराव करावा’ यात अदबही आहे आणि मागणीही पक्की आहे. ‘करावा’, ‘द्यावी’, ‘ही विनंती’ हे शब्द नम्रतेचे आहेत, शंकेचे नाहीत. ते खोडल्याने माणूस ठाम वाटत नाही, उद्धट वाटतो.

माफी आणि ओळख

सुरुवातीचे ‘मी काही फार शिकलेली नाही, चूक झाली तर माफ करा’ हे आपल्याकडे विनय म्हणून शिकवलेले असते. पण सभेत त्याचा परिणाम असा होतो, की बोलणारीने आपल्या साक्षीची किंमत स्वतःच आधी कमी करून ठेवलेली असते. त्या जागी तिने आपण का बोलतो आहोत, हे सांगावे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. म्हणजे ती आई तिथे कोणाच्या मेहरबानीने बोलत नाही. ‘मी समितीची सदस्य आहे, माझी दोन मुलं या शाळेत शिकतात’ ही दोन वाक्ये पुरेशी आहेत.

गुरुजींबद्दलचे चांगले वाक्य मात्र ठेवावे. एका माणसाची इज्जत त्यावर अवलंबून आहे. फक्त ‘चांगलेच आहेत’ हे मोघम आहे. ते नीट, पूर्ण वाक्यात यावे.

अशा शब्दांचा ऐकणाऱ्यावर काय परिणाम होतो, हे अमेरिकेत तपासले गेले आहे. विल्यम ओबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात नॉर्थ कॅरोलायनातल्या न्यायालयांमधल्या साक्षी ऐकून अभ्यासल्या. मग एकच साक्ष दोन प्रकारे लोकांना ऐकवली: एकदा कचखाऊ शब्दांसह, एकदा त्यांच्याशिवाय. माहिती तीच होती, तरी लोकांनी सरळ बोलणाऱ्या साक्षीदारावर जास्त विश्वास ठेवला. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. असे बोलणे केवळ बायकांचे नव्हते. ज्यांचा समाजात वट कमी आणि न्यायालयाशी ओळख कमी, असे पुरुषही तसेच बोलत होते. म्हणजे हा स्वभावाचा दोष मानण्याचे कारण नाही. तो अनोळखी जागेचा दबाव आहे, आणि मसुदा नीट केला तर तो बराच हलका होतो.

नवा मसुदा

सगळी दुरुस्ती झाल्यावर कागद असा होतो:

“अस्सलामु अलैकुम आणि सगळ्यांना नमस्कार. मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. माझी दोन मुलं आपल्या उर्दू शाळेत शिकतात. या शाळेत पहिली ते चौथीची ४८ मुलं आहेत आणि शिक्षक एकच आहेत. गुरुजी मन लावून शिकवतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ऑगस्ट आणि सप्टेंबर मिळून ७ दिवस ते बैठकांना गेले होते. त्या ७ दिवशी मुलांना परत पाठवावं लागलं. तिसरीत ११ मुलं आहेत. त्यांतल्या ४ जणांना दुसरीचा धडा वाचता येत नाही. हे एकाच कारणामुळे झालं, असं मी म्हणत नाही. पण चार वर्ग सांभाळणाऱ्या एका माणसाला या चौघांसाठी वेगळा वेळ काढता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पर्यंत मुलं असली तरी दोन शिक्षक हवेत. म्हणून माझी विनंती आहे, की दुसरा शिक्षक मिळावा असा ठराव सभेने आज करावा. त्याची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आठ दिवसांत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोचवावी आणि पोचपावती आमच्या समितीला दाखवावी. धन्यवाद.”

शब्द खोडूनही मसुदा लहान झालेला नाही, उलट वाढलाच आहे. रिकामे शब्द गेले आणि त्यांच्या जागी माहिती आली. काटछाटीनंतर मसुदा अगदीच चार ओळींचा उरला, तर समजावे की शोधायचे आकडे अजून शोधायचे राहिले आहेत.

उलट चूकही होते. ‘बहुतेक’ काढून तिथे ‘नक्कीच’, ‘शंभर टक्के’, ‘मी ठामपणे सांगते’, ‘सर्वांनाच माहीत आहे’ असे शब्द भरले जातात. तेही भरतीचेच आहेत. ‘शाळेत एकच शिक्षक आहेत’ याला ‘नक्कीच’ची गरज नाही. उलट ‘नक्कीच’ ऐकला की ऐकणाऱ्याला वाटते, यावर वाद आहे की काय. वाक्याच्या शेवटचे ‘नाही का?’, ‘बरोबर ना?’ हेही काढावे. तो प्रश्न सभेला नसतो, तो धीर मागणे असते.

कागदावरून तोंडात

कागद स्वच्छ झाला तरी खोडलेले शब्द तोंडात परत येतात. ते कुठे येतात, हे ठरलेले आहे: दोन वाक्यांच्या सांध्यावर. म्हणून मसुदा उतरवताना एका ओळीत एकच वाक्य लिहावे आणि दोन वाक्यांमध्ये मोकळी ओळ सोडावी. ती मोकळी ओळ म्हणजे थांबायची जागा. तिथे ‘म्हणजे’ ऐवजी श्वास घ्यावा. बोलणारीला तो क्षण फार लांब वाटतो, ऐकणाऱ्याला तो कळतही नाही.

मग उभे राहून मोठ्याने वाचावे आणि मोबाईलवर आवाज भरून घ्यावा. घरातल्या कोणाला तरी ऐकवून ‘म्हणजे’ किती वेळा आला ते मोजायला सांगावे. मुले हे काम मोठ्या आवडीने करतात. एकाच जागी तो पुन्हा पुन्हा येत असेल, तर ते वाक्य जिभेला लांब पडते आहे. तिथे तोंडाला दोष न देता वाक्य दोन तुकड्यांत मोडावे.

शेवटची तपासणी कागदाच्या मागच्या बाजूला करायची. प्रत्येक वाक्यासमोर कोणीतरी ‘कशावरून?’ विचारले आहे असे धरून उत्तर लिहावे: हजेरीपट, गुरुजींनी घेतलेले वाचन, कायद्याची अनुसूची, स्वतः पाहिलेले. जिथे उत्तर लिहिता येत नाही, ते वाक्य अजून तयार झालेले नाही. ते एक तर शोधून पक्के करावे, नाहीतर त्याची हद्द सांगावी, नाहीतर सोडून द्यावे. सभेत हा कागद हातात असावा. प्रश्न आलाच, तर कागद उलटायचा आणि उत्तर वाचून दाखवायचे.